वेर्ण्याचा माणूस पोर्टलवर नाही

"चार महिने पोर्टलवर जाहिरात आहे. तीनशे अर्ज आले, एकालाही ड्रायव्हर लिहिता येत नाही. गोव्यात माणूसच नाही रे, बेंगळुरूहूनच आणावा लागणार."

सुदेशचा हा निरोप आमच्या फर्मागुडीच्या जुन्या वर्गाच्या गटावर पडला आणि नेहमीचीच जुगलबंदी सुरू झाली. एकाने नोकऱ्यांत ८० टक्के स्थानिकांची मागणी काढली. दुसऱ्याने गोंयकाराला सरकारी खुर्चीच हवी असते म्हणून उसासा टाकला. कुणाच्या तरी काकांनी पेडण्यातल्या एका मुलाचं नाव सुचवलं, हेवी लायसन्सवाला. मी फ्युर्थहून येणाऱ्या एस-बानमध्ये उभा राहून हे वाचत होतो आणि डोकं तापत होतं. माझं पोट याच धंद्यावर चालतं. एम्बेडेड लिनक्सची न मिळणारी माणसं शोधायची, तीही न्युरेम्बर्गमध्ये, जिथे दर कंपनीला तोच माणूस हवा असतो.

सुदेशची वेर्ण्याची कंपनी मोजमापाची यंत्रं बनवते. सेन्सरकडून येणारं वाचन लिनक्सपर्यंत पोचवणारा ड्रायव्हर लिहायला त्यांना माणूस हवा आहे. पोर्टलवर 'लिनक्स' टाकलं की सर्व्हर सांभाळणारे येतात, 'एम्बेडेड' टाकलं की कॉलेजच्या प्रोजेक्टात आर्डुइनोवर दिवे लावलेले. ज्याला खरंच येतं तो नोकरीत असतो आणि आपला बायोडेटा वर्षानुवर्षं उघडत नाही. त्याचं काम मात्र उघड्यावर असतं. लिनक्स कर्नलमध्ये सेन्सरचे ड्रायव्हर `drivers/iio` या फोल्डरमध्ये राहतात आणि कुणी काय लिहिलं, कधी लिहिलं, लिहिणाऱ्याच्या संगणकाचं घड्याळ कुठल्या वेळेवर होतं, हे सगळं गिटमध्ये नोंदलेलं असतं. कर्नलच्या कोडच्या प्रतीत चालवून भारतीय वेळेच्या, म्हणजे `+0530` च्या, नोंदी काढायला मी सुदेशला एवढंच पाठवलं:

```
git log --since=2023-01-01 --no-merges --date=iso \
  --format='%an | %ad | %s' -- drivers/iio | grep '+0530'
```

नावांची रांग आली की तो हुरळून जाणार हे ठाऊक होतंच. "अरे, हे तर खूप आहेत!" हा फोन रात्री आला, तिकडे मध्यरात्र उलटली होती. मग त्याला ती रांग कशी गाळायची ते सांगत बसलो. ज्याच्या सगळ्या ओळी स्पेलिंग सुधारलं, मोकळी जागा काढली अशा असतील, त्याला तूर्त बाजूला ठेव. तो शिकतोय, त्यात वाईट काही नाही, पण तुला आज तो नको. `+0530` म्हणजे भारतच असंही धरू नको, श्रीलंकेचं घड्याळ तेच आहे. उरलेल्या एकेका नावासाठी lore.kernel.org वर, कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या जुन्या पत्रव्यवहारात, जा आणि तो ड्रायव्हर आत जाण्याआधी काय बोलाचाली झाली ती वाच.

खरी मुलाखत तिथे आधीच होऊन गेलेली असते. एका मुलाचा ड्रायव्हर आम्ही फोनवर दोघांनी मिळून वाचला. पहिली आवृत्ती तपासणाऱ्याने धुऊन काढली होती: दोन ठिकाणी कुलूप चुकीच्या क्रमाने लावलंय, प्रोब फसला तर वीजपुरवठा बंद होत नाही. मुलाने दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही दुरुस्त केलं आणि तिसऱ्या एका सूचनेला नकार दिला. चिपच्या डेटाशीटमधला विभाग दाखवून लिहिलं, की तसं केलं तर पहिलं वाचन खोटं येतं, मी बोर्डावर मोजून पाहिलंय. तपासणाऱ्याने ते मान्य केलं. सुदेश म्हणाला, "हा पाहिजे." दुसऱ्या एकाचे पॅच, म्हणजे पाठवलेले बदल, संख्येने बरेच जास्त होते, पण खाली लिहिलेलं "compile tested only", म्हणजे त्याच्या हातात चिप आलीच नव्हती. आकड्यावर गेलो असतो तर तोच वर राहिला असता.

या वाटेलाही कुंपण आहे. कंपनीच्या बंद कोडवर आयुष्य काढलेले उत्तम लोक या यादीत कधीच दिसणार नाहीत, आणि गोव्यात तसे बरेच असणार. म्हणून मी पहिल्या निरोपात "येतोस का?" विचारतच नाही. "असलं काम चांगलं करणारा, तुमच्या ओळखीचा कोण?" असं विचारतो. त्याने माणसाचा अपमान होत नाही आणि स्वतः इच्छुक असेल तर तो बोलतोच. निरोप पाच-सहा ओळींचा असावा: त्याचा नेमका पॅच, आपली चिप, काम कुठे, पगार किती ते किती. तो त्या एकट्याला जावा, मेलिंग लिस्टवर चुकूनही नाही. इकडे युरोपच्या नियमाप्रमाणे पहिल्याच निरोपात तुमचं नाव मला कुठून मिळालं ते सांगावं लागतं. सुदेशला ही पांढरपेशी नाटकं वाटली. मला वाटत नाहीत. आणि त्याने अख्ख्या रांगेला एकच मजकूर पाठवला तर पुढच्या वेळी गोव्याच्या मेलला कुणी उत्तर देणार नाही.

इथपर्यंत आमचं जमलं. मग त्याला आयडिया आली. "त्या यादीत सरदेसाई, कामत, नाईक शोधू या. स्थानिकही मिळेल, ८० टक्केवालेही गप्प."

अर्धं बरोबर होतं. गोव्याशी नाळ असलेला माणूस टिकतो हे खरं, बेंगळुरूहून आलेला पावसाळा सरला की परत जातो हेही मी ऐकलंय. पण नाईक कारवारातही असतो, कोल्हापुरातही असतो, आणि आडनावावरून माणूस गाळणं ही इथे थेट कोर्टाची पायरी. शिवाय त्याची चाळणीच भोकं चुकलेली होती. गोव्याचा जो माणूस हे काम करतो तो बहुधा `+0530` मध्ये नाहीच. तो `+0100` मध्ये आहे, उन्हाळ्यात `+0200`. माझ्यासारखा.

हे बोलून गेलो आणि मग दुसरंच सुचलं. एकाच लेखकाच्या नोंदी वर्षभर `+0100` किंवा `+0200` असतील आणि चतुर्थीच्या आठवड्यात किंवा नाताळात `+0530` होत असतील, तर तो घरी जाऊन लॅपटॉप उघडतोय. आमच्या ऑफिसातल्या आंकेला मी हे कौतुकाने दाखवलं. तिने मान हलवली: "हा माणूस कुठे सुट्टी घालवतो हे त्याने तुला सांगितलेलं नाही." माझं म्हणणं, नोंद त्यानेच जगापुढे ठेवलीय. आमचं एकमत झालेलं नाही. तोवर मी ते वापरत नाही, निरोपात सरळ विचारतो, परतायचा विचार आहे का.

स्वतःच्या नोंदींवर मात्र चालवून पाहिलं. सुरुवातीची काही वर्षं दर चतुर्थीला `+0530` दिसतं, डिचोलीच्या घरातलं, माटोळी बांधून झाल्यावर लॅपटॉप उघडलेला. मग विरळ होत जातं. करोनानंतर एकही नाही. लोक परततच नाहीत म्हणून मी ज्या गटावर लोकांना सुनावतो, त्याच गटावरचा मीही एक.

आणि खरं सांगायचं तर राग याचाही होता, की माणूस मिळत नाही म्हणून रडणाऱ्या सुदेशने मला एकदाही विचारलं नाही, "तू येतोस का?" त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "तुला परवडणार का? आणि तू आता कोड कुठे लिहितोस?" दोन्ही खरं. तरी विचारायला हवं होतं.

सध्या अडलंय ते पगारावर. त्या डेटाशीटवाल्या मुलाने उत्तर दिलं, आकडा विचारला. सुदेशचे मालक म्हणतात, आकडा मुलाखतीनंतरच. मुलगा नोकरीत आहे, नोटीस ९० दिवसांची, बोर्डावर चाललेलं काम टाकून तो आंधळेपणाने वेर्ण्याला येणार नाही. मालकांना आकडा लिहायला लावणं हे माझ्या कुठल्या कमांडने होत नाही.