छत्तिसावा जिल्हा

गणेशोत्सवात सोसायटीची सामान्यज्ञान स्पर्धा झाली आणि पेपर तपासायला माझ्याकडे आले. कारण एवढंच, की गेल्या सभेत मी 'इतिवृत्त' शब्दातली एक वेलांटी सुधारली होती. कोथरूडात असली चूक काढणाऱ्याला शिक्षा होतेच, फक्त ती पुढच्या वर्षी होते.

बेचाळीस पेपर, वर उत्तरसूची. प्रश्नपत्रिका सेक्रेटरींच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेली, झेरॉक्सची झेरॉक्स. मी भराभर बरोबर-चूक करत सुटलो आणि सातव्या प्रश्नावर अडकलो. महाराष्ट्रात एकूण जिल्हे किती? पर्याय २६, ३०, ३१ आणि ३५. सूचीप्रमाणे उत्तर ३५.

मीही पस्तीसलाच बरोबरची खूण करत होतो, हे कबूल करतो. सव्विसाव्या पेपरात मात्र एका पाचवीतल्या मुलीने चार पर्यायांखाली पट्टीने पाचवा चौकोन आखून त्यात '३६' लिहिलं होतं आणि स्वतःच त्यावर खूण केली होती. आगाऊपणाबद्दल अर्धा गुण कापावा असं मनात आलं. मग पालघर आठवलं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा तोडून पालघर वेगळा झाला. जिल्हे छत्तीस, आणि ते चारांत नाहीतच!

गंमत म्हणजे चारही आकडे कधी ना कधी खरे होते. १९६० साली राज्य झालं तेव्हा जिल्हे सव्वीस. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली, झाले तीस. १९९० मध्ये मुंबई उपनगर, एकतीस. १९९८ ला नंदुरबार आणि वाशीम, १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया, म्हणजे पस्तीस. प्रश्न काढणाऱ्याने चुकीचे पर्याय म्हणून जुनी बरोबर उत्तरंच वापरली होती आणि काळाने त्याचं बरोबर उत्तरही त्याच रांगेत नेऊन बसवलं.

संध्याकाळी मी सेक्रेटरींना गाठलं.

"सूचीत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस."

"मग पस्तीस. सूची म्हणजे सूची."

नेमक्या त्याच वेळी बी विंगमधल्या सूनबाई मोदकांचं ताट घेऊन आल्या. त्यांचं माहेर डहाणूचं, म्हणजे पालघर जिल्ह्यातलं. "म्हणजे काका, माझं माहेर मोजायचंच नाही?" असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं आणि ताट टेबलावर न ठेवता हातातच धरून ठेवलं. सेक्रेटरी डगमगले.

तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा पोचले. त्यांनी २६ वर खूण केली होती. "मी शाळेत असताना सव्वीसच होते. प्रश्नात साल कुठे लिहिलंय?" वाचून पाहिलं, खरंच नव्हतं. 'आज' नाही, 'सध्या' नाही. नुसते 'जिल्हे किती' विचारलं तर आजचेच, असं कुणीही समजेल. पण आजोबा कुणीही नव्हेत, ते चौतीस वर्षं कोर्टात कारकून होते.

शेवटी रद्द प्रश्नाला परीक्षांत करतात तेच केलं: सातव्याचा एक गुण सगळ्यांना. मला वाटलं, मिटलं. पण आजोबांकडे आणि त्या मुलीकडे बाकीच्या प्रश्नांचे गुण सारखेच होते. छत्तीसच्या जोरावर ती एका गुणाने पुढे गेली असती, आता दोघं बरोबरीत. बक्षीस तीन स्टीलच्या डब्यांचं. मधला डबा कुणाचा, यावर अजून बोलणी चालू आहेत.

जाता जाता मी सेक्रेटरींना म्हटलं, "ही प्रश्नपत्रिका फेकून द्या, किंवा निदान प्रत्येक आकड्यापुढे तारीख घाला. 'पालघर कोणत्या जिल्ह्यातून निघाला' असं विचारलंत तर ते शिळं होत नाही."

त्यांनी बाराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. भारतात राज्ये किती? उत्तर २८. "हे चूक आहे का?"

मी मनात हिशेब केला. छत्तीसगड, उत्तरांचल, झारखंड धरून २००० च्या नोव्हेंबरात अठ्ठावीस. २०१४ च्या जूनमध्ये तेलंगणा आलं, एकोणतीस. म्हणजे तेव्हा ही सूची चुकली. मग २०१९ च्या ऑक्टोबरअखेर जम्मू-काश्मीर केंद्रशासित झालं, पुन्हा अठ्ठावीस. पाच वर्षांहून जास्त काळ हे उत्तर माळ्यावर चूक होऊन पडलं होतं आणि कुणी हात न लावता बरोबर झालं.

"नाही," मी म्हणालो, "सध्या बरोबर आहे."

सेक्रेटरींनी कागद नीट घडी करून ट्रंकेत ठेवला. "मग राहू दे. जिल्ह्यांचंही होईल कधीतरी."