पांढरी पडलेली घट्ट कातडी ओढून सैल होत नाही

“शिश्नाच्या टोकाची कातडी पांढरी पडून घट्ट झाली, की ती बुरशीच असते. मेडिकलमधून बुरशीचे क्रीम आणून लावा, रोज खोबरेल तेल लावून कातडी जोर देऊन मागे ओढा, महिन्याभरात सैल होते. स्टेरॉइडचे मलम त्या जागी कधीच लावू नका. सुंता तर डॉक्टर पैशासाठीच करायला लावतात.”

नाशिकमधल्या माझ्या त्वचारोगाच्या दवाखान्यात येणारे अनेक पुरुष हा मजकूर वाचून आणि त्याप्रमाणे उपाय करूनच येतात. त्यामुळे होणारे नुकसान मी पाहतो, म्हणून हे उत्तर.

बुरशीने कातडी लाल आणि ओलसर होते, खाजते, त्यावर कधी दह्यासारखा पांढरा थर येतो आणि तो पुसला जातो. वारंवार बुरशी होत असेल तर रक्तातील साखर तपासावी लागते. पण कातडी पांढरी पडून घट्ट होण्यामागे बऱ्याचदा लायकेन स्क्लेरोसस हा कातडीला दीर्घकाळ दाह होऊन ती कडक होण्याचा आजार असतो. त्याचा पांढरेपणा मात्र पुसून जात नाही, कारण तो कातडीच्या आतला व्रण असतो. कातडी चकचकीत, पातळ कागदासारखी सुरकुतलेली दिसते आणि टोकाशी बोटाला दोरीसारखे टणक कडे लागते. कोडातही कातडी पांढरी पडते, पण ती मऊ राहते आणि सहज मागे सरकते. लायकेन स्क्लेरोसस हा संसर्ग नाही, तो पत्नीला लागत नाही. कातडीखाली लघवीचे थेंब साचून राहणे हे त्याला पोसणारे एक कारण मानले जाते.

ओढण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. सातपूरच्या कारखान्यात काम करणारे, पस्तिशीतले एक गृहस्थ ताठरतेच्या वेळी होणाऱ्या वेदनेसाठी आले. त्यांच्या कातडीच्या कड्यावर उभ्या बारीक भेगा होत्या, काही ताज्या, काही भरून पांढऱ्या पडलेल्या. टणक कडे ताणत नाही, ते फाटते. प्रत्येक भेग नव्या व्रणाने भरते आणि कडे आणखी आवळते. म्हणजे ते रोज जितके ओढत होते, तितके कडे अरुंद होत चालले होते. शिवाय जोर लावून मागे नेलेले कडे मुंडीच्या मागे अडकले, तर पुढचा भाग सुजतो आणि कातडी पुढे येत नाही. असे झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे.

ते लावत असलेल्या क्रीमची नळी मी मागवून घेतली. बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधांबरोबर तिच्यात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होतेच, म्हणजे स्टेरॉइड टाळत असल्याचे समजून ते महिनोन्महिने, मनाला येईल तसे तेच लावत होते. अशा मिश्र क्रीमने खाज थांबते, आजार झाकला जातो आणि जांघेतील निरोगी कातडी मात्र पातळ होते. स्टेरॉइडची भीती इथे रास्त आहे. पण या आजारावरचा पहिला उपचार क्लोबेटासोल प्रोपियोनेट ०.०५ टक्के हे साधे मलमच आहे: रात्री एकदा, फक्त पांढऱ्या भागावर, अगदी पातळ थर, १ ते ३ महिने आणि तेही डॉक्टरांच्या तपासणीखाली. साबण बंद करून कोमट पाणी आणि साधे मऊ मलम वापरायचे, लघवीनंतर शेवटचे थेंब टिपून घ्यायचे. कातडी अजून मऊ असेल, तर या उपचाराने अनेकांचे दुखणे थांबते आणि कातडी पुन्हा मागे सरकू लागते.

जुना, घट्ट व्रण मलमाने विरघळत नाही, आणि शस्त्रक्रियेचा विचार तिथे सुरू होतो. सातपूरच्या त्या गृहस्थांना तीन महिन्यांत खाज आणि भेगा थांबल्या, पण कडे तसेच राहिले, म्हणून त्यांना मूत्ररोग शल्यचिकित्सकांकडे पाठवले. ‘सुंता’ हा शब्द ऐकून ते गप्प झाले; घरच्यांना काय सांगायचे, ही त्यांची खरी चिंता होती. या शस्त्रक्रियेचा धर्माशी संबंध नाही. आजारी कातडी पूर्ण काढल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात येतो आणि काढलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के करता येते. ही तपासणी टाळू नये, कारण जुन्या लायकेन स्क्लेरोससमध्ये त्या जागी कर्करोग होण्याची शक्यता थोडी असली, तरी खरी असते. काही आठवड्यांत न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ दिसली, तर तुकडा काढून तपासावाच लागतो.

शस्त्रक्रियेनंतर लक्ष ठेवायची जागा म्हणजे लघवीचे छिद्र. धार बारीक झाली, दोन फाट्यांत जाऊ लागली किंवा जोर द्यावा लागला, तर आजार आत सरकला असू शकतो. त्या गृहस्थांच्या छिद्राजवळ पांढरा डाग शिल्लक आहे, म्हणून त्यावर आठवड्यातून दोनदा मलम चालू आहे आणि ते तपासणीला येत असतात.