‘dn’ म्हणजे काय, हे मी ठरवणार नाही

शुक्रवारी बहिणीचा मेसेज आला. `shnvr PTM 4 la, yte k`. शनिवार कळला, चार वाजता कळलं. पण कोल्हापुरात पीटीएम म्हटलं की निम्म्या गावाला पाटाकडील तालीम मंडळाचा फुटबॉल संघ आठवतो आणि डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम येतं, उरलेल्या निम्म्याला शाळेतली पालकसभा. बहिणीला मुलगा आहे आणि तिचा नवरा पाटाकडीलचा पक्का. दोन्ही अर्थ घरातच बसलेले. वर `yte k` हे ‘येते का?’ की ‘येते की!’ तेही कळेना. आपल्याकडं ‘का’ म्हणजे प्रश्न आणि ‘की’ म्हणजे छातीठोक होकार. सगळा फरक त्या शेवटच्या स्वरात, आणि बाईनं नेमका तोच खाल्लेला. फोन करून विचारलं आणि विषय मिटला.

पण माझ्या कामात फोन करून विचारता येत नाही. म्हणून हे लिहितेय.

मी टायपिंगचं काम करते. कोर्टाची कागदपत्रं, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. अलीकडं पाच-सहा वर्षांत त्यात एक नवीन प्रकार आलाय तो म्हणजे मोबाईलवरच्या गप्पांचं लिप्यंतर. पक्षकार चॅट एक्स्पोर्ट करून आणतात. तारीख, वेळ, नाव आणि पुढं इंग्रजी अक्षरांतली मराठी, अशी ती फाईल असते. ते सगळं वाचता येईल अशा देवनागरीत उतरवून द्यायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याकडं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तिथलं कामकाज इंग्रजीत, त्यामुळं पुढं त्याचं इंग्रजी भाषांतरही लागतं. म्हणजे मी देवनागरीत जे लिहीन त्यावर पुढचा माणूस भाषांतर करणार. मी इथं एक स्वर भरला की तो तिथं कायमचा चिकटला.

लोकांना वाटतं, आजकालची पोरं आळशी म्हणून स्वर गाळतात. तसं नाही. जुन्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसायची आणि देवनागरी फक्त ७०. देवनागरीत लिहिलं तर एका निरोपाचे दोन एसएमएस व्हायचे आणि पैसे दुप्पट. म्हणून लोक रोमन अक्षरांकडं वळले आणि त्यातही काटकसर करू लागले. पैशाचा प्रश्न गेला, बोटांची सवय राहिली.

गोम अशी की ही काटकसर इंग्रजीला जेवढी सोसते तेवढी मराठीला सोसत नाही. `msg`, `pls` वाचताना कुणी अडत नाही, कारण तिथं शब्द उभा राहायला व्यंजनं पुरतात. आपल्याकडं माणूस पुरुष की बाई, एक की अनेक, आणि कधी तर झालंय की व्हायचंय, हे सगळं स्वरांवर टांगलेलं असतं. `gl` मध्ये गेला, गेली, गेले, गेलं हे सगळे दाटीवाटीनं बसतात. त्यात रोमन लिपीत ल-ळ एक, न-ण एक, त-ट एक. `kl` घ्या. काल, कळ, केलं, आणि `kl krto` असेल तर चक्क कॉल.

नुसत्या आद्याक्षरांचं दुखणं वेगळं. तिथं शब्दाचा सांगाडाही नसतो, फक्त पाटी असते. पण कधीकधी मराठीचं व्याकरणच मदतीला येतं. `CPR la nela` आलं तर तो दसरा चौकाजवळचा सीपीआर दवाखाना, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. `CPR dila` आलं तर छाती दाबून श्वास आणायचा प्रयत्न. एका ‘ला’नं निकाल लागतो. जुन्या पत्रांत ‘ता. क.’, ‘चि. सौ. कां.’ असायचं, तिथं निदान टिंब होतं. इथं शब्द तोडलाय हे सांगणारं टिंब नाही आणि या संक्षेपांची ठरलेली यादीही नाही. ज्यानं त्यानं आपापली टांकसाळ काढलेली.

आता मूळ गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण अडचण जशीच्या तशी आहे. दोन चुलत भाऊ, गुऱ्हाळात भागीदारी, पुढं बिनसलं. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याकडून पैसे यायचेत. थोरला माझ्याकडं सव्वातीनशे मेसेजचा गठ्ठा घेऊन आला. त्यात धाकट्यानं पाठवलेल्या या दोन ओळी होत्या:

```
20 pthvle bgh
ajn 5 dn
```

खाली थोरल्याचा अंगठा. बस्स.

पहिली ओळ सरळ आहे, ‘२० पाठवले बघ’. दुसरीतलं ‘अजून ५’ सरळ आहे. राहिलं `dn`. वकीलसाहेब म्हणाले, “अहो ताई, सरळ आहे की. अजून पाच देणं. लिहून टाका, हजार घाला पुढं.” म्हणजे धाकट्यानं स्वतःच्या तोंडानं देणं कबूल केलं. त्यांच्या पक्षकाराला सोयीचंच ते.

मी काय करते ते सांगते. आधी त्या अक्षरांत बसणारे सगळे शब्द कागदावर मांडते, मग पटो न पटो. नियम एवढाच, की लिहिलेलं प्रत्येक व्यंजन त्याच क्रमानं शब्दात यायला पाहिजे आणि न लिहिलेलं एकही व्यंजन घुसडायचं नाही. `dn` मध्ये बसले देईन, देणं, दे ना, दोन, दिन, दान आणि इंग्रजी डन. सात. दोन, दिन, दान वाक्यात घालून बघितले की आपोआप गळतात. उरले चार, आणि चारही वाक्यात नीट बसतात. अजून पाच देईन. अजून पाच देणं. अजून पाच दे ना. अजून पाच डन. पहिला वायदा, दुसरी कबुली, तिसरी मागणी, चौथी पावती. पैशाचा हिशेब चौघांत वेगवेगळा.

मग शेजारच्या ओळी बघायच्या. आधीच्या ओळीत हाच माणूस वीस पाठवतोय, तो लगेच त्याच माणसाकडं पाच कशाला मागेल? ‘दे ना’ मागं पडला. शिवाय गठ्ठ्यात एके ठिकाणी तो `de na` असं सुटं लिहितो. पण एकाच ठिकाणी सापडलेल्या नमुन्यावर मी फार भरवसा ठेवत नाही. तो शेजारच्या ओळीमुळं गेला, त्या नमुन्यामुळं नाही.

त्यानंतर त्या माणसाची बोटांची सवय. हे सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात खात्रीचं. सव्वातीनशे मेसेजमध्ये ‘देईन’ नऊ वेळा आलं होतं आणि नऊही वेळा `dein`. माझा अनुभव असा, की दोन स्वर शेजारी शेजारी आले की स्वर गाळणारा माणूसही त्यातला एखादा ठेवतोच, नाहीतर त्याचं त्यालाच वाचता येत नाही. म्हणून ‘देईन’ काढला. अगदी अशक्य म्हणून नव्हे, नऊ वेळा एक रीत पाळणारा दहाव्यांदा अचानक का मोडेल, म्हणून.

राहिले दोन. ‘देणं’साठी शोधलं तर दोन महिन्यांपूर्वीचा मेसेज सापडला, `ghn dn nko thvu`. घेणं-देणं नको ठेवू. म्हणजे देणं तो `dn` लिहितो. वकीलसाहेब खूश. पण दुसऱ्या ठिकाणी थोरल्यानं वजनकाट्याची पावती पाठवायला सांगितल्यावर यानं फोटो पाठवलाय आणि खाली नुसतं `dn`. तिथं ‘देणं’ बसतच नाही, तिथं ‘डन’च. म्हणजे एकाच माणसाच्या हातात एकाच खुणेचे दोन अर्थ, आणि दोन्हींना पुरावा.

आता बघा. ‘२० पाठवले बघ, अजून ५ देणं’ म्हणजे पाच बाकी. ‘२० पाठवले बघ, अजून ५ डन’ म्हणजे आणखी पाचही दिले. एकात कर्ज, दुसऱ्यात फेड. थोरल्याचा अंगठा दोन्हींच्या खाली शोभतो. दोन ओळींमध्ये एका मिनिटाचं अंतर, आणि मोबाईलवरून पैसे पाठवायला मिनिट पुरतं, त्यामुळं वेळेवरूनही काही ठरेना.

वकीलसाहेब म्हणाले, “मग बँकेचा उतारा बघू. त्या दिवशी पाच गेलेत की नाही, लगेच कळेल.” कळेल की! पण ते कोर्टाला कळू दे. मी उतारा बघून शब्द भरला तर माझं लिप्यंतर हा पुरावा न राहता माझा निकाल होईल, आणि तोही टायपिंगच्या दरात. मेसेजचा अर्थ मेसेजांच्या आतूनच लागत असेल तर मी लावते. बाहेरून आणून लावायचा असेल तर ते माझं काम नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, मग सगळंच तसंच ठेव की. नाही. तेही लबाडीचंच. त्याच गठ्ठ्यात शंभरावर ठिकाणी `nhi` होतं. ते ‘नाही’ की ‘न्हाई’ हे मला माहीत नाही, पण त्यानं अर्थात तसूभर फरक पडत नाही, म्हणून बिनधास्त ‘नाही’ लिहिलं. `gl` गाडीबद्दल असेल तर ‘गेली’ लिहिलं, टीपही दिली नाही. दोन वाचनांनी पैसे, तारीख, माणूस किंवा होकार-नकार बदलत असेल तरच मी हात आखडते. आणि पाचपुढं ‘हजार’ तर मुळीच नाही. गठ्ठ्यात याच माणसानं हजारांसाठीही नुसता आकडा लिहिलाय आणि लाखांसाठीही. ५ म्हणजे ५.

मी तीन रकाने करते. मूळ ओळ जशीच्या तशी, देवनागरी, आणि टीप. त्या ओळीला देवनागरीत ‘अजून ५ dn’ एवढंच लिहिलं. टिपेत लिहिलं, की `dn` हे ‘देणं’ किंवा ‘डन’ असू शकतं, प्रेषकानं दोन्ही अर्थांनी वापरल्याचे मेसेज अमुक आणि तमुक क्रमांकाला आहेत, आणि ५ या आकड्याचं एकक दिलेलं नाही. अनेकांना ही टीप कमकुवत वाटते. मला उलट वाटतं. दोन पर्याय आणि त्यांचे पत्ते दिले की समोरच्या वकिलाला माझी ओळ खोडता येत नाही. ‘देणं’ ठोकून दिलं असतं तर त्यानं तो पावतीचा फोटो काढून दाखवला असता आणि मग माझी बाकीची सव्वातीनशे वाक्यंही संशयात आली असती.

वकीलसाहेबांना पटलं नाही. ते जरा घुश्शातच गेले. थोरला मात्र बसून राहिला. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, “तुम्ही अंगठा दिला तेव्हा काय समजला होता?”

त्यानं मोबाईल काढला, ती ओळ परत वाचली, दोनदा वर-खाली केली.

“काकी,” तो म्हणाला, “खरं सांगू? मी ट्रॅक्टरवर होतो. वीस आलेले बघितले आणि अंगठा टाकला. खालचं वाचलं होतं का, तेच आता आठवंना.”