गुरुजींनी पळी उचलण्याआधी

सत्यनारायणाच्या पूजेत यजमानाला बोलायची संधी एकदाच मिळते, गुरुजी चौरंगावर मांडामांड करत असतात तेव्हा. आचमन झालं की तो पाटाला चिकटतो आणि 'पाणी सोडा, अक्षता वाहा' यापलीकडे त्याला अस्तित्व उरत नाही. म्हणून स्वागत मी त्या दोन मिनिटांत उरकतो. पुढे प्रसादाच्या वासावर बसलेली चिल्लीपिल्ली, दाराशी मोबाइलमध्ये मान घातलेली भाचरं आणि खुर्च्यांवर माझी चूक पकडायला टपलेल्या आज्या.

"या मंडळी! पोरांनो, विड्याच्या पानावरची ती सुपारी म्हणजे गणपती. ती खायची नाही. अक्षताही खायच्या नाहीत. आता मी तीनदा पळीभर पाणी पिईन आणि चौथ्यांदा ताम्हनात सोडीन. तहान लागलेली नसते, ते आचमन.

"मग संकल्प. म्हणजे देवाला माझा पूर्ण पत्ता. सुरुवात श्वेतवाराह कल्पापासून, मग मन्वंतर, कलियुग, भरतवर्ष, दंडकारण्य, पुढे शक, संवत्सर, महिना, तिथी, वार. इतकं सांगून झाल्यावर माझं गोत्र आणि नाव. इथे बहुतेक यजमान बायकोकडे बघतात. गोत्र आठवलंच नाही तर गुरुजी 'काश्यप' म्हणून गाडी पुढे काढतात."

"आणि तिने उजवा हात तुझ्या हाताला लावायचा असतो," मागून पहिली आजी. बरोबर आहे. न लावल्यास पुण्याच्या वाटणीवरून पुढे घरात वाद होतो.

"नंतर बाळकृष्णाला पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर याच क्रमाने, प्रत्येकानंतर पाणी. तूप-मधाला कोमट पाणीच हवं. गार पाण्याने तूप थिजतं, देव चिकट राहतो आणि उत्तरपूजेआधी मुंग्या दर्शनाला येतात."

प्रसादाचं प्रमाण मी मुद्दाम जाहीर करतो. रवा, तूप, साखर, सगळं सव्वा. तब्येतीच्या नावाखाली कोणी तूप निम्म्यावर आणलं की प्रसाद द्रोणात पडताना आवाज होतो. दूध गरम ओतलेलं बरं, गार ओतलं की गुठळ्या होतात. केळं आहेच.

"शेवटी पाच अध्यायांची कथा. दाराशी उभ्या मंडळींनी चौथा नीट ऐकावा. कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद न खाता धावली आणि नवऱ्यासकट नाव गडप झाली."

एक मोबाइल खिशात जातो. पुढच्या रांगेतून हात वर येतो, "मग?"

"मग ती घरी जाऊन प्रसाद खाऊन आली आणि नाव परत मिळाली."

"म्हणजे घरी नेऊन खाल्ला तरी चालतो!"

दाराशी तीन माना एकदम हलतात. गुरुजी पळी माझ्या हातात देतात. "आचमन करा."