साहेब, यातलं कोणतं सोडू?

"साहेब, दोन्ही कामं अर्जंट आहेत, आधी कोणतं करू?" असं विचारणाऱ्याला हमखास उत्तर मिळतं, "दोन्ही." यात साहेबांचा दोष नाही. उत्तर देताना त्यांच्या खिशातून काहीच जात नसेल, तर ते एकावर का थांबतील?

म्हणून मी आता हिशेब मांडूनच केबिनमध्ये जातो. परवाचीच गोष्ट. शुक्रवार संध्याकाळपर्यंत संचालकांच्या बैठकीसाठी तिमाही अहवाल हवा होता, आणि एका ग्राहकाचा जुना डेटा नव्या सिस्टीममध्ये हलवायची तयारीही. अहवालाला 14 तास, डेटाला 16. बुधवार सकाळपासून मोजले तर हातात तास 24, मीटिंगा वजा जाता 18. (त्यातली एक मीटिंग वेळेच्या नियोजनावर होती.)

पण तास मोजून फक्त रडता येतं. ठरवायचं तर उशिरानं कोणाचं काय अडतं, ते बघावं लागतं. अहवाल मंगळवारी गेला तर संचालकांच्या कपाळावर आठी पडेल, एवढंच. डेटाचं तसं नाही. ग्राहकाची सिस्टीम फक्त शनिवार-रविवारी बंद ठेवता येते. हा शुक्रवार हुकला की पुढचा शनिवार उजाडेपर्यंत तिकडची माणसं जुनीकडे आणि नवीकडे, दोन्हीकडे नोंदी करत आपला उद्धार करणार. शिवाय अहवालातला आकड्यांचा मुख्य तक्ता तेवढा 2 तासांत निघतो. 16 आणि 2, झाले 18.

मग साहेबांना लिहिलं: "दोन्ही कामांना 30 तास लागतील, माझ्याकडे 18 आहेत. माझ्या मते डेटा पूर्ण करावा, अहवालातला तक्ता शुक्रवारी द्यावा आणि उरलेला अहवाल मंगळवारी. चालेल का? दुपारी दोनपर्यंत कळवलंत तर बरं, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतील." पहिल्या खर्ड्यात माझ्या कंबरदुखीवर एक परिच्छेद होता. तो जड मनानं काढला.

साहेबांनी बोलावलं. मजकूर पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन्ही नाही का जमणार?"

हा प्रश्न येणार हे गृहीतच होतं. "जमेल की. फक्त जुन्या आणि नव्या नोंदी जुळवून बघायचं काम गाळावं लागेल. ग्राहकाच्या खात्यात चुकीची रक्कम दिसली, तर ती आपल्याला त्यांच्याकडूनच कळेल."

साहेबांनी चष्मा परत घातला.

"अहो, पण ती बैठक पुढच्या गुरुवारी ढकललीय. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

ते सांगण्याचं काम ज्यांचं होतं, तेच समोर बसले होते. मी आदरानं गप्प राहिलो. बाहेर येऊन लगेच मेल टाकला: "ठरल्याप्रमाणे डेटा आधी, पूर्ण अहवाल पुढच्या बुधवारी." उत्तरादाखल एक अंगठा आला. अंगठा म्हणजे सहीच, असं मानून मी तो जपून ठेवला.

मग अहवालासाठी आकडे काढून देणाऱ्या सहकाऱ्याकडे बातमी घेऊन गेलो. शुक्रवार गाठायचा म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून त्यानं सगळे आकडे तयार ठेवले होते.