सुट्टीत सहा पुस्तकं घरी येणार आहेत, त्याबद्दल पालकांना

पालकहो,

शाळेच्या शिक्क्याचं एक पानी परिपत्रक निकालाच्या दिवशी तुमच्या हातात पडेलच. त्यात तारखा आणि नियम आहेत, पण कारणं लिहायला त्यात जागा नव्हती. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत सहावीच्या एका तुकडीवर आम्ही हाच प्रयोग छोट्या प्रमाणात केला, तेव्हा तुमच्यापैकी काहींचे फोन आले होते. त्यांची उत्तरं एकदाच सविस्तर द्यावीत म्हणून इथे लिहितेय.

यंदा पाचवी ते आठवीचं प्रत्येक मूल उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सहा पुस्तकं घरी नेणार आहे. आजवर काय होत होतं ते तुम्हाला माहीत आहे. परीक्षा जवळ आली की आम्ही सगळी पुस्तकं परत मागवायचो, आणि सुट्टीभर कपाटाला कुलूप. म्हणजे वर्षभर मुलांना वेळ नसतो तेव्हा ग्रंथालय उघडं, आणि दीड महिना वेळच वेळ असतो तेव्हा बंद. याला कारण होती साठा पडताळणी. दाखल नोंदवही समोर घेऊन एकेक पुस्तक कपाटातून काढून ताडून बघायचं, तर पुस्तकं जागेवर हवीत. यंदा ती पडताळणी आम्ही दिवाळीत उरकली. एवढीशीच गोष्ट होती, पण ती हलवायला पुष्कळ चहा प्यावा लागला.

खरी भीती पडताळणीची नव्हती, पुस्तक हरवण्याची होती. हरवलं की ग्रंथपालाच्या पगारातून कापतील, हे प्रत्येक ग्रंथपालाच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि मग पुस्तक सांभाळायचा सोपा मार्ग म्हणजे ते कुणाला न देणं. आता गंमत बघा. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यातला नियम २१५ ग्रंथालयांबद्दल आहे. तो म्हणतो की वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं रास्त धरावं. अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला पाहिजे, आणि दुर्मीळ किंवा हजार रुपयांवरचं पुस्तक असेल तर चौकशी व्हायलाच हवी. हा नियम आमच्या शाळेला थेट लागू नाही. पण सरकारी हिशेबनीसांनाही पुस्तकं फिरली की थोडी हरवणारच हे मान्य आहे, एवढं दाखवल्यावर शालेय समितीने तसा ठराव केला. त्यामुळे पुस्तक हरवलं तर दंड नाही. येऊन सांगा, मी नोंद करेन. हरवलं म्हणून मुलाला घरी मार बसला असं मात्र कानावर येऊ देऊ नका.

आता मुख्य मुद्दा. पुस्तकं मूल स्वतः निवडणार. तुम्ही नाही, वर्गशिक्षक नाहीत, मीही नाही. सर्वांत जास्त फोन यावरच होते.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ॲलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रान्झेन या दोन संशोधकांनी गरीब वस्त्यांतल्या शाळांमध्ये एक साधा प्रयोग केला होता. सलग तीन उन्हाळे मुलांना प्रत्येकी बारा पुस्तकं घरी दिली. ना शिकवणी, ना गृहपाठ. मुलांनी पुस्तकं स्वतः निवडली होती, आणि त्यांत सिनेमा-गाण्यातल्या ताऱ्यांवरच्या पुस्तकांना भलती मागणी होती. तीन वर्षांनी ही मुलं, पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा वाचनात पुढे दिसली. २०१० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली मुलं वेगळी, भाषा वेगळी, हे मला कळतं. पण ‘काहीतरी चांगलं वाचायला द्या हो मॅडम’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला तिथल्या त्या गायकांच्या पुस्तकांची आठवण करून द्यावीशी वाटते.

स्वतः निवडायचं म्हणजे डोळे मिटून उचलायचं नव्हे. त्यासाठी मुलांना पाच बोटांची परीक्षा शिकवली आहे. पुस्तकाचं मधलं एखादं पान उघडायचं, वाचत जायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर पुस्तक सध्या ठेवून द्यायचं. ही पद्धत इंग्रजी शाळांतून आली आहे आणि मराठीत ती जशीच्या तशी चालत नाही. इंग्रजीत अनोळखी शब्दाचा उच्चारच अडतो. आपली देवनागरी जवळजवळ लिहिल्यासारखी वाचता येते, त्यामुळे अर्थ अजिबात न कळताही मूल पानभर फडाफडा वाचून दाखवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वा!

दिवाळीत हेच झालं. एका मुलाने जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उचलली. मित्राने घेतली होती, आणि घरूनही ‘इतिहासाचं आण’ असं सांगितलेलं. मी मधलं पान वाचायला सांगितलं. अडखळला नाही, एकही बोट मिटलं नाही. पुस्तक बंद करून विचारलं, ‘काय चाललं होतं रे?’ बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘राजे आले.’ मग आम्ही नियम बदलला. उच्चार नव्हे, अर्थ माहीत नसेल तर बोट मिटायचं. खलिता, शिबंदी, मेणा, मसलत, फर्मान. अर्ध्या पानातच मूठ झाली. एखाद-दुसरा नवा शब्द पुढच्या-मागच्या वाक्यांवरून उमगतो, पण इतके एकदम आले की आधीचं वाक्यच डोक्यात राहत नाही.

त्याने ते ठेवलं आणि सापांवरचं एक पातळ पुस्तक घेतलं. पानोपानी मोठी चित्रं, खाली चार-पाच ओळी. संध्याकाळी त्याच्या आईंचा फोन. ‘मॅडम, सहावीत आहे तो, आणि हे बालवाडीचं दिलंत?’ मी म्हटलं, राहू द्या, सुट्टी संपल्यावर बोलू. तर सुट्टीत त्या घरात वेगळंच रामायण झालं. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं आजोबा आयुष्यभर सांगत आलेले. नातवाने पुस्तक उघडून दाखवलं की साप दूध ओढून पिऊच शकत नाही, धामण बिनविषारी असते आणि ती गोठ्यात येते उंदरांसाठी. आजोबा काही मानले नाहीत. पण वाद जिंकायचा म्हणून पोराने ते पुस्तक इतक्यांदा वाचलं की घोणस आणि मण्यार यांच्या अंगावरच्या खुणा त्याला पाठ झाल्या. परत आल्यावर त्याने सापांवरचंच, पण दुप्पट मजकुराचं पुस्तक मागितलं. कादंबरी अजून कपाटातच आहे, कधीतरी नेईलही.

तेव्हा पुस्तक पातळ आहे, चित्रांचं आहे, तेच पुन्हा वाचतोय, यांपैकी कशाचीही काळजी करू नका. काळजीचं लक्षण वेगळं असतं. मूल पानं उलटतंय, पण मजकुरावर नजर ठरत नाही, किंवा पानभर वाचूनही त्याला दोन वाक्यांत काही सांगता येत नाही. असं दिसलं तर ते पुस्तक सोडून दुसरं घ्यायला सांगा. म्हणून तर सहा दिली आहेत. अर्ध्यात सोडायला पूर्ण परवानगी आहे.

पुस्तकांबरोबर एक कार्ड येईल. पुस्तकाचं नाव, कितव्या पानापर्यंत वाचलं, आणि ‘पुढे वाचायचंय’ की ‘सोडलं’ यावर खूण. बस्स. सारांश नाही, तात्पर्य नाही, कठीण शब्दांची यादी नाही, आणि कृपा करून शुद्धलेखनासाठी त्यातला उतारा उतरवून घेऊ नका. वाचलं की पाठोपाठ लिहायचं काम येतं हे कळलं की पोरं वाचायचंच टाळतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बक्षिसंही नाहीत. एका पालकांनी सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला सायकल देऊ केली. मनापासून आभार, पण नको. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. थोड्या दिवसांनी पाहिलं तर ठरवून प्रमाणपत्र दिलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. आमच्याकडे तर आणखी एक अडचण. आकडा मोजला की मुलं सर्वांत पातळ सहा पुस्तकं शोधतात आणि दोन दिवसांत संपवून मोकळी होतात. सायकल द्यायचीच असेल तर वाढदिवसाला द्या!

तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन. मूल आठवीत असलं तरीही. तुम्ही वाचा, मूल ऐकेल. वाचणं जमत नसेल तर मुलाने वाचावं आणि घरच्यांनी ऐकावं. अर्थ समजावताना घरात जी बोली चालते तीच चालू द्या, उगाच पुस्तकी मराठी नको.

आणि सहाही पुस्तकं मे महिन्यातच संपली तर? बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत आहेत, तिथेही बोटं मिटूनच पातळी ठरवायला सांगा.

मामाच्या गावाला जाताना पुस्तकं खुशाल बरोबर न्या, एसटीत वाचू द्या. आमरसाचे डाग पडले तर पडले. पान फाटलं तर चिकटपट्टी तेवढी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि मग काढायला गेलं की अक्षरंही सुटून येतात. फाटका तुकडा त्याच पानात ठेवून आणा, मी पातळ टिश्यू आणि खळ लावून जोडेन. जूनमध्ये परत येताना दप्तर भिजतं, त्यात पुस्तक भिजलं तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. उन्हात किंवा इस्त्रीखालीही नको. उभं करून, पानं थोडी फाकवून पंख्याखाली ठेवा. गुळगुळीत कागदाचं असेल तर दर काही पानांत कोरा कागद घाला, नाहीतर वाळल्यावर पानं एकमेकांना अशी चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत.

निवडीसाठी परीक्षेनंतरचे दोन दिवस ग्रंथालय सकाळभर उघडं आहे. मुलाबरोबर कापडी पिशवी पाठवा. तुम्हीही आलात तर आनंदच आहे, फक्त बाहेरच्या बाकावर बसायची तयारी ठेवा.