पाच खण, सहा फळ्या

"हे पत्र तुम्हीच लिहिलंय का?" असं परवा लेखाविभागाच्या साहेबांनी भर बैठकीत विचारलं. विचारताना कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. 'हो' म्हणावं तर फजिती, 'नाही' म्हणावं तर खाली सही माझीच. मी पाणी प्यायलो.

प्रकरण साधं होतं. फायली ठेवायला 40 रॅक घ्यायचे होते आणि चार सप्लायरांकडून कोटेशन मागवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं: 'मजबूत लोखंडी रॅक, उंची 6 फूट, पाच खणी, चांगल्या गेजचा पत्रा, भरपूर वजन पेलणारे. दर त्वरित कळवावेत.' लिहून झाल्यावर मला ते बरंही वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

चार उत्तरं आली. एकाने रॅकमागे दर दिला, दुसऱ्याने फळीमागे, तिसऱ्याने किलोवर आणि चौथ्याने चाळीसही रॅकचा एकच आकडा, 'अटी लागू' या दोन शब्दांसह. कोणत्या अटी ते त्याने सांगितलं नाही, बहुधा सरप्राइज असावं. तुलनात्मक तक्ता करायला मी दोन संध्याकाळी घालवल्या.

पण खरी मजा त्याआधीच झाली होती. पत्र गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फळीमागे दर देणाऱ्याकडच्या माणसाचा फोन आला.

"सर, पाच खण म्हणजे फळ्या किती?"

"पाच."

"मग खण चार होतात."

"अहो, पाच फळ्यांवर पाच ठिकाणी सामान राहतं की नाही?"

"राहतं. पण पाचव्याला वर छत नाही."

"छत आहे ना, खोलीचं!"

"खोलीचं छत आमच्या कोटेशनमध्ये धरू का, सर?"

आवाजात जराही थट्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हटलं, "सहा फळ्या करा आणि विषय संपवा." विषय संपला नाही. खणात काय ठेवणार? फायली. उभ्या की आडव्या? उभ्याच, आडव्या फायली कोण काढत बसणार? फायलीची उंची? मी पट्टी शोधली, मोजली, 320 मिलिमीटर. पलीकडे कॅल्क्युलेटरची टकटक ऐकू आली.

"सर, 6 फूट म्हणजे 1830. खालची फळी जमिनीपासून 100 वर, कारण पुसायला जागा लागते. उरले 1730. पाच खणांत 346. त्यातून फळीची वळवलेली कड 35 वजा करा. 311 राहिले. फाइल 320."

"म्हणजे?"

"9 मिलिमीटरनं आत जात नाही."

मी गप्प. तोच पुढे म्हणाला, "आडव्या ठेवल्या तर जातील." हे सांत्वन होतं की सूड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी जरा चिडूनच म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं द्या." चौकशीपत्र लिहिणाऱ्याने हे वाक्य कधीही तोंडातून काढू नये. त्याने त्याला योग्य वाटलं तसं दिलं: 2025 मिलिमीटर उंची, सहा फळ्या, प्रत्येक खणात 350 मोकळी जागा, 18 गेज पत्रा, वाहतूक आणि जागेवर बसवणं धरून. बाकीच्या तिघांना मी काहीच कळवलं नाही. फोन त्याचा आला होता, त्यांचा नाही. हा अन्याय आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यामुळे बैठकीत तक्ता उघडला तेव्हा दृश्य असं. सगळ्यात स्वस्त कोटेशन 100 धरलं, तर या माणसाचं 121. साहेब म्हणाले, "याला काढा, हा लुटतोय." शिवाय म्हणाले, "आणि हा 18 गेज देतोय, स्वस्तवाला तर 20 देतोय! जास्त देऊन कमी दर!"

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मी हळूच सांगितलं. 18 गेज सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 गेज सुमारे 0.9. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही उलटी पद्धत मीच काढली असावी. मुळात 'चांगल्या गेजचा' लिहायचं सुचलं मला, तेव्हा बोलायला जागा नव्हती. गेजचे तक्तेही एकापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे आकडा गेजमध्ये लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. मिलिमीटर लिहावेत, आणि तेही 'रंग चढवण्याआधीची जाडी' असं.

मग मी स्वस्तवाल्याला फोन केला. त्याच्या 100 मध्ये वाहतूक नव्हती, ती 8. बसवणं नव्हतं, ते 7. फळ्या पाचच होत्या, सहावी घातली की आणखी 14. झाले 129, तेही पातळ पत्र्यात, आणि फायली तरीही आडव्याच. एवढं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "मग हे आधी का नाही लिहून मागवलं?" लुटारू तर आता मीच ठरलो. 'लवकर, लवकर' म्हणून रोज तीनदा मागे कोण लागलं होतं, ते मात्र कोणी विचारलं नाही.

असो. परवा रात्री बसून पत्र पुन्हा लिहिलं. 'मजबूत' खोडलं, तिथे आलं: प्रत्येक फळीवर 60 किलो सारखं पसरलेलं वजन, आणि 900 मिलिमीटर लांबीच्या फळीला मधोमध 4.5 पेक्षा जास्त झोल नको. 'किलो' नुसतं लिहिलं तर एकजण पूर्ण रॅकमागे धरतो, म्हणून 'प्रत्येक फळीवर' अधोरेखित केलं. मोकळी जागा आणि बाहेरचं माप यांची गल्लत नको म्हणून हाताने रॅकचं चित्र काढून बाण दाखवले. चित्र इतकं वाईट आलं की कोणीतरी विचारलं, ही शिडी आहे का. पण बाण बरोबर आहेत.

दरासाठी रिकामा तक्ता मीच पाठवला: रॅकमागे दर, कर वेगळा, वाहतूक वेगळी, बसवणं वेगळं, दर किती दिवस टिकेल आणि माल किती दिवसांत. शेवटी एक रकाना, 'आमच्या मागणीप्रमाणे नसेल तर काय देणार ते लिहा'. खाली ओळ टाकली: प्रश्न फक्त लेखी, उत्तर कोणी विचारलं ते न सांगता चौघांनाही जाईल. फोन बंद. छतवाल्यापासून मला वाचवणारी ही सगळ्यात सुंदर अट आहे, असं मी मानत होतो.

आज सकाळी त्याची मेल आली. विषय: 'एक लेखी प्रश्न'. मजकूर: 'रॅकचे उभे खांब 2025 मिमी आहेत. मजला कितवा आणि लिफ्टच्या आतली उंची किती?'

मी टेप घेऊन लिफ्टमध्ये उभा होतो तेव्हा लेखाविभागाचे साहेब आत आले. म्हणाले, "आता लिफ्टचंही कोटेशन मागवताय का?"